‘1/2’ म्हणजे अर्धा नव्हे: खदान कामगारांचे एक्सरे वाचताना या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात उमरेडकडून एक ड्रिल ऑपरेटर ओपीडीत आले. वय 52. हातातल्या पिशवीत छातीचे दोन एक्सरे होते, एक सहा वर्षांपूर्वीचा आणि एक मागच्या आठवड्यातला. म्हणाले, “चढावर दम लागते जी. टीबीच्या गोळ्या सहा महिने खाल्ल्या होत्या तेव्हा, काही फरक नाही पडला.” जुन्या रिपोर्टवर लिहिलं होतं ‘मिलिअरी टीबी’. नव्या रिपोर्टवर ‘न्यूमोकोनिओसिस, कॅटेगरी A, बारीक गाठी पूर्वीपेक्षा कमी, उपचारांना प्रतिसाद’. न्यूमोकोनिओसिस म्हणजे धूळ साचून होणारा फुफ्फुसाचा आजार. दोन्ही रिपोर्ट वाचायला नीटनेटके होते आणि दोन्ही चुकले होते. खाण कामगारांच्या एक्सरेत ज्या चुका मला पुन्हा पुन्हा दिसतात, त्या बहुतेक सगळ्या या दोन कागदांवर सापडल्या, म्हणून हेच दोन एक्सरे घेऊन बोलतो.

आधी फिल्म बघा, मग फुफ्फुस

त्यांनी आणलेला नवा एक्सरे कागदासारख्या पातळ शीटवर छापलेला होता. असल्या प्रिंटवरून ग्रेड, म्हणजे आजार किती वाढलाय त्याचा आकडा, ठरवू नका, आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून तर अजिबात नको. दीड मिलिमीटरपेक्षा लहान ठिपके त्या प्रतीत पुसले जातात. उलट मशीनमधलं शार्पनिंग जास्त असेल तर साध्या रक्तवाहिन्याही गाठींसारख्या उठून दिसतात. मी सेंटरमधून सीडी मागवली आणि मूळ इमेज चांगल्या मेडिकल मॉनिटरवर उघडली.

दुसरी अडचण श्वासाची. टेक्निशियनने “श्वास घ्या, धरा” नीट करून घेतलं नाही तर खालच्या भागातल्या रेषा एकमेकांवर दाटतात आणि वाचणारा त्यांना धुळीच्या रेषा समजतो. पूर्ण श्वासात छाती-पोटामधल्या पडद्याच्या वर मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता यायला हव्यात. खांद्याची हाडं बाजूला सरकलेली हवीत, व्होल्टेज 110 ते 125 केव्हीच्या आसपास हवं. असे एक्सरे वाचायची पद्धत आयएलओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने, ठरवली आहे; तीत फिल्मच्या दर्जालाही 1 ते 4 आकडा द्यायचा असतो. 4 म्हणजे ग्रेडिंगसाठी निरुपयोगी, तेव्हा पुन्हा काढा. कॅम्पमध्ये दिवसाला दीडशे एक्सरे निघतात आणि हा रकाना बहुधा कोराच राहतो, हे मी कबूल करतो. पण तो कोरा राहिला की पुढचे सगळे आकडे हवेत राहतात.

ग्रेड विशेषणांनी देऊ नका

‘सौम्य’, ‘मध्यम’, ‘बऱ्याच प्रमाणात’ हे शब्द रिपोर्टमध्ये दिसले की माझा हात डोक्याला जातो. आयएलओच्या वर्गीकरणाचा गाभा तुलना आहे. ठरलेल्या प्रमाण प्रतिमांचा एक संच असतो, 2011 च्या आवृत्तीपासून तो डिजिटलही मिळतो. रुग्णाचा एक्सरे आणि प्रमाण प्रतिमा शेजारी शेजारी ठेवून, ठिपक्यांची दाटी कोणाशी जुळते ते बघायचं. आठवणीवर भरवसा ठेवू नका. सकाळी पन्नास नॉर्मल फिल्म बघितल्या की एक्कावन्नावी जरा जास्तच भरलेली वाटते.

दाटीचे चार मुख्य वर्ग आहेत: 0, 1, 2, 3. पण लिहिताना दोन आकडे लिहितात. पहिला तुमचा निर्णय, दुसरा तुम्ही गंभीरपणे विचारात घेतलेला शेजारचा वर्ग. म्हणजे 1/2 चा अर्थ ‘वर्ग 1 ठरवला, पण 2 चाही विचार केला’. एका कामगाराच्या क्लेमच्या कागदात मी हे ‘अर्धा ग्रेड’ असं वाचलेलं पाहिलं आहे. 2/1 म्हणजे वर्ग 2, पण 1 चाही विचार केला. शेजारचा वर्ग मनातच आला नसेल तर 2/2. अशा बारा पायऱ्या होतात. यातली नाजूक जागा 0/1 आणि 1/0 यांच्या मधली आहे, कारण बहुतेक ठिकाणी 1/0 पासून पुढे ‘आजाराची खूण’ धरतात आणि 0/1 त्याच्या अलीकडे राहतो. आणखी एक गोष्ट: वर्ग 0 म्हणजे एकही ठिपका नाही असं नाही. ठिपके नाहीत, किंवा असले तरी वर्ग 1 इतके दाट नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

ठिपक्यांचा आकार अक्षरांनी लिहितात. गोल ठिपके दीड मिलिमीटरपर्यंत p, दीड ते तीन q, तीन ते दहा r. वेड्यावाकड्या रेषांसाठी s, t, u. दोन अक्षरं लिहायची, पहिलं जास्त दिसणाऱ्या प्रकाराचं.

आता आमच्या रुग्णाचा सहा वर्षांपूर्वीचा एक्सरे. प्रत्येक फुफ्फुसाचे आडवे तीन भाग करायचे, म्हणजे एकूण सहा. वरच्या दोन्ही भागांत दाटी 2/2, मधल्यांत 2/1, खालच्यांत 0/1. इथे नवखे वाचणारे सरासरी काढतात आणि 1/2 च्या जवळ येऊन थांबतात. नियम वेगळा आहे. जिथे बदल आहेत ते भाग मिळून एकत्र बघायचे, आणि एखाद्या भागातली दाटी तीन किंवा जास्त पायऱ्यांनी कमी असेल तर तो भाग एकूण दाटी ठरवताना सोडून द्यायचा. 2/2 पासून 0/1 पाच पायऱ्या खाली आहे. म्हणून खालचे भाग बाजूला ठेवले आणि एकूण दाटी आली 2/2, आकार q/r. काही ठिकाणी ठिपके एकमेकांना चिकटू लागले होते, त्यासाठी ax हे चिन्ह.

वरच्या भागांत जास्त आणि खाली नगण्य, हे वाटपच मिलिअरी टीबीच्या विरोधात बोलत होतं. मिलिअरीत बारीक, एकसारखे ठिपके सगळ्या भागांत सारखे विखुरलेले असतात, आणि माणूस तापाने खचलेला असतो. हे गृहस्थ तेव्हा ड्यूटीवर जात होते, ताप नव्हता, वजन कायम होतं.

‘कमी झाल्या’ असं लिहिण्याआधी

नव्या एक्सरेत खरी गोम होती. वरच्या भागांत दोन मोठे डाग दिसत होते, उजवीकडे 34 मिलिमीटर आणि डावीकडे 22. दहा मिलिमीटरपेक्षा मोठा डाग ‘मोठा’ धरतात. आधीच्या वाचकाने दोन्ही वेगवेगळे मोजले, दोन्ही पन्नासच्या आत, म्हणून A. पण डाग एकाहून जास्त असतील तर त्यांच्या लांबीची बेरीज करायची. 34 आणि 22 मिळून 56. बेरीज 50 पर्यंत असली तर A. पन्नासच्या पुढे गेली, पण सगळे डाग मिळून उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागाएवढं क्षेत्र व्यापत नाहीत, तर B. त्याहून जास्त असेल तर C. म्हणजे इथे B.

आणि ‘गाठी पूर्वीपेक्षा कमी’? बारीक ठिपक्यांची दाटी खरंच 1/2 पर्यंत उतरली होती. पण ती औषधाने उतरली नव्हती. मोठा डाग बनतो तेव्हा आसपासच्या गाठी त्यात ओढल्या जातात, वरचा भाग आकसतो, आणि खाली फुफ्फुस फुगून काळं दिसू लागतं. हे वाढलेल्या आजाराचं चित्र आहे. म्हणून बारीक ठिपक्यांचा आकडा खाली आला की मोठ्या डागांचा रकाना बघितल्याशिवाय ‘सुधारणा’ हा शब्द लिहू नका. याच एक्सरेत फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या लिम्फ गाठींच्या कडेला अंड्याच्या टरफलासारखं पातळ कॅल्शियम होतं, त्यासाठी es लिहिलं. फुगलेल्या भागासाठी em.

कोळसा की दगड, हे फिल्म सांगत नाही

रिपोर्टमध्ये ‘कोळसा धुळीचा आजार’ असं लिहिण्याचा मोह होतो, कारण माणूस कोळशाच्या खाणीतला. कोळशाच्या धुळीत ठिपके सहसा p आकाराचे, बारीक. सिलिकाच्या, म्हणजे गारगोटीच्या दगडाच्या, धुळीत q-r, ठळक. पण दोघांत सरमिसळ इतकी असते की आकारावरून निदान करू नका. आकड्यांतून दाटी आणि आकार कळतो, कारण कळत नाही. म्हणून मी आधी कोड लिहून ठेवतो आणि मगच कामाचा इतिहास विचारतो. उलट केलं की डोळा इतिहासाला शोभेल तेच बघतो.

“भाऊ, कोळशाच्या आधी काय करत होते?” तेव्हा कळलं: रामटेककडच्या खदानीत नऊ वर्षं, हातमशीनने भोकं पाडणं, पाणी न मारता. मग ओपनकास्टला चौदा वर्षं ओबी ड्रिलवर. ओबी म्हणजे कोळशावरचा दगड. आपल्या भागात तो बहुधा गोंडवन काळातला वाळूचा खडक असतो, आणि भूगर्भशास्त्रातल्या एका थराला कामठीचंच नाव आहे. वाळूचा खडक म्हणजे गारगोटीचे कण. हा माणूस कोळशाच्या खाणीत होता, पण आयुष्यभर त्याने भोकं पाडली ती गारगोटीच्या दगडात.

उलटी चूकही होते. नागपूरच्या पश्चिमेला, हिंगणा-कळमेश्वरकडे, काळा बसाल्ट आहे. लॅबचा कागद दाखवून कोणी म्हणतं की यात सिलिका पन्नास टक्के. ती रासायनिक सिलिका आहे, खनिजांत बांधलेली. फुफ्फुसाला जास्त घातक मोकळी स्फटिक सिलिका, म्हणजे गारगोटी, बसाल्टमध्ये फार थोडी असते. तिथल्या धुळीनेही खोकला-दमा होतोच, पण प्रत्येक गिट्टी क्रशरवाल्याला सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीचा आजार, लिहिण्याआधी दगड कोणता ते विचारा.

आकड्याची आणखी एक मर्यादा. 2/2 असलेला माणूस जिना सहज चढू शकतो आणि 1/0 वाला धापा टाकू शकतो. दम किती, हे स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची श्वासाची तपासणी, सांगते. आणि एक्सरे नॉर्मल असला म्हणून फुफ्फुसात धूळ नाही असंही नाही. अगदी कमी वर्षांत प्रचंड धूळ गेलेल्या तीव्र सिलिकोसिसमध्ये तर ठिपक्यांऐवजी धुक्यासारखी पांढुरकी छटा येते. तिथे ही ठिपके मोजण्याची पद्धत फारशी कामाची नाही.

या रुग्णाच्या अंतिम नोंदीत असं लिहिलं: दर्जा 1, 1/2, q/r, B, es, em, जुन्या फिल्मवर 2/2, q/r, ax. सोबत दगडातली तेवीस वर्षं. दुसऱ्या वाचकाने माझा आकडा न बघता वाचलं. त्याने बारीक ठिपके 2/1 दिले, B वर आमचं एकमत झालं. थुंकीच्या टीबीसाठीच्या तपासण्या, सीबीनॅट आणि कल्चर, दोन्ही निगेटिव्ह आल्या.

ते जाताना म्हणाले, “म्हणजे साहेब, टीबी नव्हताच का?” तेव्हा थुंकी तपासलीच नव्हती, म्हणून आता कोणालाच सांगता येणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. पण सिलिका गेलेल्या फुफ्फुसात टीबी पुढे होण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा जास्त असते. महिन्या-दोन महिन्यांत एकाच बाजूला नवा डाग, मोठ्या डागात पोकळी, संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन, यातलं काहीही दिसलं तर आधी थुंकी, मग गोळ्या. सिलिकोसिस वर्षांच्या चालीने सरकतो, टीबी महिन्यांच्या, आणि तो फरक जुन्या फिल्मशिवाय दिसत नाही. ती पिशवी त्यांनी घरी तांदळाच्या कोठीवर ठेवली होती म्हणे. मी तीत नवी सीडी टाकली, दोन्हींवर तारीख लिहिली आणि पिशवी परत दिली.