नाणेफेकीतून परिकल्पना चाचणी: पहिल्या तासिकेआधीची तयारी

बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या वर्गात परिकल्पना चाचणीची ओळख करून द्यायची असेल, तर आदल्या दिवशी सर्वांत आधी निर्णयाचा नियम कागदावर लिहावा. नाणी आणि तक्ते त्यानंतर जमवले तरी चालतात. आमचा नियम असा असतो: प्रत्येक विद्यार्थी एक नाणे २० वेळा फेकेल आणि छापे मोजेल. नाणे समतोल आहे, म्हणजे छाप्याची संभाव्यता निम्मी आहे, ही शून्य परिकल्पना. छापे ५ किंवा त्याहून कमी, अथवा १५ किंवा त्याहून अधिक आले तर ती नाकारायची. ६ ते १४ आले तर ती नाकारण्याइतका पुरावा मिळाला नाही, एवढेच म्हणायचे. पहिले नाणे हवेत जाण्यापूर्वी हा नियम फळ्याच्या कोपऱ्यात लिहून त्याभोवती चौकट काढावी आणि तास संपेपर्यंत ती पुसू नये. आकडे पाहून नंतर ठरवलेली मर्यादा ही चाचणी राहत नाही, आणि हे नवशिक्यांना व्याख्येपेक्षा त्या चौकटीमुळे लवकर उमगते.

मर्यादा १५ वरच का, हा प्रश्न पुढच्या बाकावरून हमखास येतो, म्हणून त्याची आकडेमोड तयार ठेवावी. २० फेकींचे एकूण १०,४८,५७६ क्रम संभवतात आणि नाणे समतोल असेल तर ते सर्व सारखेच संभाव्य असतात. त्यांपैकी १५ किंवा अधिक छापे असलेले क्रम २१,७०० आहेत आणि ५ किंवा कमी छाप्यांचेही तितकेच. दोन्ही मिळून ४३,४००, म्हणजे साधारण ४.१ टक्के. मर्यादा १४ आणि ६ वर आणली की हेच प्रमाण ११.५ टक्क्यांवर जाते. सार्थकता पातळी ५ टक्के धरली असल्यामुळे १५ आणि ५ ही जोडी निवडावी लागते. नेमके ५ टक्के देणारी जोडी २० फेकींत नाहीच, हेही सांगून टाकावे. प्रयोगशाळेतील संगणक सुरू असेल तर पुढील सूत्र स्प्रेडशीटमध्ये घालून एका टोकाचे ०.०२०७ हे उत्तर आधी पडताळून घ्यावे, आणि विजेचा भरवसा नसेल तर ते उत्तर वहीत उतरवून न्यावे.

```
=BINOM.DIST(5,20,0.5,TRUE)
```

नाणी विद्यार्थ्यांच्या खिशातून न घेता एकाच किमतीची आणि फारशी न झिजलेली अशी पुरेशी नाणी किराणा दुकानातून सुटी करून आणावीत. सिंहमुद्रेची बाजू म्हणजे छापा, हे फळ्यावर लिहावे. दोन मुलांनी उलटसुलट धरले तर नोंदी जुळत नाहीत. आमच्याकडच्या बहुतेक वर्गांत शहाबादी फरशी असते, तिच्यावर नाणे घरंगळत बाकाखाली जाते आणि ते शोधण्यात तासाची दहा मिनिटे जातात, म्हणून कार्यालयातून दोन सतरंज्या आदल्या दिवशीच मागून ठेवाव्यात. नाणे टेबलावर भोवऱ्यासारखे फिरवायचे नाही, हेही बजावावे, कारण फिरवलेल्या नाण्यात कडेच्या घडणीचा परिणाम निकालावर होऊ शकतो. ते अंगठ्याने उंच उडवून सतरंजीवर पडू द्यावे. सतरंजीच्या घडीला टेकून उभे राहिलेले नाणे पुन्हा फेकायचे, हाही नियमाचाच भाग.

नोंदीसाठी प्रत्येकाला २० चौकटींची पट्टी द्यावी आणि केवळ बेरीज न लिहिता प्रत्येक फेकीनंतर छा किंवा का असे लिहायला सांगावे. कंटाळून बसल्या जागी पट्टी भरणारे एकदोन महाभाग प्रत्येक वर्गात असतात, आणि ते ओळखण्याची खूण याच पट्टीत सापडते. खऱ्या २० फेकींत कुठेतरी सलग चार छापे किंवा सलग चार काटे येण्याची शक्यता जवळजवळ ७७ टक्के असते. मनाने लिहिणारा मात्र सलग तिसऱ्या छाप्यालाच कचरतो. चाळीस पट्ट्यांत अशी सलग चौकडी तीसएक पट्ट्यांत दिसायला हवी. ती दहाबारा पट्ट्यांतच दिसली, तर पुढचे विश्लेषण करण्यात अर्थ नाही.

चाळीस विद्यार्थी असतील, तर सर्व नाणी समतोल असूनही एखाददुसऱ्याच्या नाण्यावर परिकल्पना नाकारली जाणार, याची तयारी मनाने करून ठेवावी. एकही नकार न येण्याची शक्यता जेमतेम १८ टक्के आहे. एका वर्षी मी हे आधी सांगितले नव्हते. एका मुलीला १६ छापे आले आणि वर्गाने नाणे खोटे, नाहीतर तिचे मोजणे खोटे, असा गलका केला. ती रडकुंडीला आली होती. तेच नाणे नव्याने २० वेळा फेकले, तेव्हा ९ छापे आले. त्या वर्षीपासून नोंदी गोळा करण्यापूर्वीच मी फळ्यावर लिहितो की चाळिसांत साधारण दीड चुकीचा नकार अपेक्षित आहे. ‘दीड’ या आकड्यावर मुले हसतात, पण प्रथम प्रकारची त्रुटी त्यांच्या तिथेच लक्षात राहते.

याच्या उलट अडचण १४ छापे मिळालेल्या विद्यार्थ्याची असते. तो म्हणतो, ‘सर, अजून पाच वेळा फेकू द्या, नाणं नक्कीच वाकडं आहे.’ त्याला नाही म्हणावे. मनासारखा निकाल येईपर्यंत फेकत राहण्याची मुभा दिली, तर ४.१ टक्क्यांची हमी मोडते आणि चुकीचे नकार वाढतात. अधिक फेकी हव्याच असतील तर नवी संख्या व नवी मर्यादा ठरवून पहिल्यापासून सुरुवात करावी. त्याचे पी-मूल्य ११.५ टक्के आहे. नाणे समतोल असेल तर इतका किंवा याहून टोकाचा निकाल शंभरातून साधारण अकरा-बारा वेळा दिसेल, एवढाच त्याचा अर्थ. नाणे समतोल असण्याची शक्यता ११.५ टक्के, असे कोणीतरी उत्तरपत्रिकेत लिहिणारच, त्यामुळे दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारीशेजारी लिहून दुसऱ्यावर फुली मारून दाखवावी.

‘नाकारता आली नाही’ म्हणजे ‘समतोल ठरले’ नव्हे, हे पटवण्यासाठी एक आकडा पुरतो. ज्या नाण्यावर छाप्याची संभाव्यता खरोखर ६० टक्के आहे, ते आपल्या २० फेकींच्या चाचणीत शंभरातून फक्त १३ वेळा पकडले जाते. १०० फेकी केल्या आणि मर्यादा ३९ व ६१ ठेवल्या, तरी ४६ वेळाच.

तास उरला तर दुसऱ्या फेरीसाठी पिशवीत उभे फोडून अर्धे केलेले चिंचोके न्यावेत. सोंगट्यांच्या खेळात ते टाकलेले बहुतेक मुलांनी पाहिलेले असतात, पण उताणे आणि पालथे सारख्याच वेळा पडतात का, हे कोणी मोजलेले नसते. प्रत्येक अर्ध्यावर शाईने क्रमांक घालावा, कारण नाण्यासारखे ते एका साच्यातून निघालेले नसतात आणि सगळ्यांची बेरीज एकत्र केली तर कोणत्या चिंचोक्याची चाचणी झाली हेच सांगता येणार नाही. सपाट बाजू वर आली तर उताणा, अशी नोंद ठेवावी, मर्यादा ५ आणि १५ याच राहू द्याव्यात, आणि यावेळी फळ्यावरची चौकट विद्यार्थ्यांनाच काढू द्यावी.