बाळाचा दिवस: घड्याळ किती, लय किती

माझी लेक पाच महिन्यांची असताना आमच्या फोंड्याच्या घरात रोज एकच वाद व्हायचा. मी छापील वेळापत्रक धरून बसायचे आणि सासूबाई म्हणायच्या, "पोर काय कदंबाची बस आहे वेळेवर सुटायला?" शेवटी आम्ही मधली वाट काढली.

एक गोष्ट आधी: बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल तर वेळापत्रक करू नका. दिवस-रात्रीचा फरकच त्याला अजून नीट कळत नसतो. नवजात बाळ चोवीस तासांत 8 ते 12 वेळा दूध मागते, तेव्हा मागेल तसे पाजा.

त्यानंतर तीन दिवस फक्त नोंद ठेवा: कधी उठले, कधी प्यायले, कधी झोपले. आमच्या नोंदीत झोपेच्या वेळा रोज वेगळ्या दिसल्या, पण उठल्यापासून साधारण दोन तासांनी ती डोळे चोळू लागायची. तिची लय ही होती.

मग दिवसाला दोन-तीन खुंट्या ठोका. आम्ही सकाळी साडेसहाला उठणे आणि रात्री आठला झोपणे पक्के केले. तिसरी खुंटी आपोआप मिळाली: न्हाऊ घालणारी बाई सव्वादहाला यायची. मधला वेळ दोन तासांच्या मापाने चालवला. साडेआठला पहिली डुलकी, नऊच्या सुमारास जाग, न्हाणे झाले की अकराला लांब झोप, पावणेएकपर्यंत. पुढची झोप पावणेतीनला, गोव्यातले घरही त्या वेळी वामकुक्षीला शांत असते. संध्याकाळी साडेपाचला अर्ध्या तासाची शेवटची डुलकी.

एके दिवशी बाईंना यायला साडेअकरा झाले. न्हाण्यासाठी थांबवून ठेवल्यामुळे लेक इतकी थकली की झोपेना, नुसती किंचाळत राहिली. तेव्हापासून नियम केला: बाई उशिरा आल्या तर बाळ आधी झोपेल, न्हाणे मागे जाईल. खुंटीसुद्धा अर्धा तास हलू द्यावी.

घड्याळ कोणी जास्त धरावे? जिथे बाळ पाळणाघरात जाते, किंवा वेर्ण्याच्या कारखान्यातल्या पाळ्यांमुळे सांभाळणारे हात बदलतात, तिथे. पुढच्याला "आता काय" हे कळायला ठरावीक वेळा हव्यात. आजी दिवसभर घरी असेल तर लय पुरते, मात्र पाळण्याजवळ कागद लावून शेवटची जाग आणि शेवटचे दूध लिहीत जा.

दुधाला मात्र घड्याळ कधीच अडवू नका. भूक लागलेले बाळ तोंड इकडेतिकडे वळवते, मूठ चोखते, रडणे त्यानंतर येते. "तीन तास झाले नाहीत" म्हणून थांबवले की स्तन पुरेसे रिकामे होत नाहीत आणि दूधही कमी होत जाते. चोवीस तासांत लंगोट सहापेक्षा कमी वेळा ओले होत असतील किंवा वजन वाढत नसेल, तर वेळापत्रक त्याच दिवशी सोडा आणि बाळाला डॉक्टरांना दाखवा.