फोटोतला खडूचा फळा कसा वाचावा: मिसळीच्या गाडीचं उदाहरण

रविवारी सकाळी कुणीतरी नाश्ता आणायला जातं आणि घरच्या ग्रुपवर गाडीवरच्या फळ्याचा फोटो टाकतं: "पटकन सांगा, काय काय आणू?" फोटो तिरपा, वर ट्यूबलाइटची चकाकी, अर्धी अक्षरं पुसलेली आणि प्रत्येक पदार्थाचं नाव दोन अक्षरांत उरकलेलं. असा फळा बिनचूक वाचता येतो, फक्त तो वरून खाली वाचायला जाऊ नका. ज्या ओळी शंभर टक्के कळल्या आहेत त्या आधी धरा आणि त्यांच्या आधाराने बाकीच्या सोडवा.

पुण्याकडच्या मिसळीच्या गाडीवर दिसावा असा एक नमुना फळा घेऊ. भाव उदाहरणापुरते आहेत.

मि. पाव — ७०
द. मि. — ८०
मि. स्पे. — ९०
उ. मि. — ९०
व. सॅ. — ५०
ब. व. (२) — ४०
कां. भ. — ४०
सा. खि. — ५०
ए. पा. जो. — १०
पा. ५ जा.

आधी फोटो वाचण्याजोगा करा

फोनच्या एडिटमध्ये जाऊन फोटो कृष्णधवल करा, कॉन्ट्रास्ट वाढवा आणि हायलाइट्स खाली आणा. काळ्या फळ्यावरचा खडू त्यामुळे उठून येतो. चकाकीचा डाग मात्र यातून जात नाही, कारण फोटोत तोही खडूइतकाच पांढरा असतो आणि त्याच्याखालची अक्षरं फोटोत उतरलेलीच नसतात. तिथे अंदाज करण्यात वेळ घालवू नका. गाडीवर उभ्या असलेल्या माणसाला दोन पावलं बाजूला सरकून दुसरा फोटो काढायला सांगा. चकाकी जागा बदलते आणि झाकलेली ओळ मोकळी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो एचडीमध्ये पाठवायला सांगितलं तर मोठा करून पाहताना अक्षरांच्या कडा कमी फुटतात.

आता पुसलेल्या अक्षरांकडे या. भाव वाढला की गाडीवाले सगळा फळा नव्याने लिहीत नाहीत. तेवढाच आकडा बोटाने किंवा फडक्याने पुसून त्यावर नवा लिहितात आणि जुन्या आकड्याची राखाडी सावली खाली राहते. आपल्या फळ्यावर कांदा भजीच्या ४० खाली ३० ची सावली आहे असं समजा. खरा आकडा ओळखायचा तो कडांवरून. नव्या खडूची रेघ कडेला स्वच्छ तुटते आणि मध्ये दाणेदार दिसते. पुसलेल्याची कड धुरकट असते आणि ती पुसण्याच्या दिशेला ओढली गेलेली असते. एक अपवाद लक्षात ठेवा. फळा ओल्या फडक्याने पुसून लगेच लिहिला असेल, तर ओला असेपर्यंत नवी अक्षरंच फिकी दिसतात आणि वाळल्यावर पांढरी होतात. फळ्यावर ओलीचे गडद पट्टे दिसत असतील तर फिका आकडा जुनाच असेल असं मानू नका.

मग अक्षरं, पण शेजार बघून

एकट्या अक्षराला अर्थ नसतो, तो त्याच्या जागेवरून येतो. 'पा.' हेच घ्या. पदार्थाच्या नावानंतर किंवा 'ए.' नंतर असेल तर तो पाव. 'ए. पा. जो.' म्हणजे एक्स्ट्रा पाव, जोडी. सगळ्यात खालच्या ओळीत, पुढे 'जा.' असेल तर पार्सल: पार्सलला ५ रुपये जास्त. आणि पुढे 'बा.' असेल तर पाण्याची बाटली.

'द. मि.' म्हणजे दही मिसळ, 'ब. व.' म्हणजे बटाटेवडा आणि कंसातला २ हे प्लेटमधले नग. या कंसाला फार महत्त्व आहे, कारण त्याशिवाय भाव एका वड्याचा की प्लेटचा हे ठरत नाही. 'व. सॅ.' म्हणजे वडा सॅम्पल: वाटीत वडा आणि वरून मिसळीचा तिखट रस्सा. पुण्यात त्या रश्श्याला सॅम्पल म्हणतात.

सर्वांत जपून वाचायचं अक्षर म्हणजे 'उ.'. 'उ. पाव' असेल तर उसळ पाव. 'उ. मि.' मात्र बहुतेक वेळा उपवासाची मिसळ असते: साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याची आमटी, बटाट्याचा चिवडा, दही. आपल्या फळ्यावर तिला दोन आधार आहेत. 'सा. खि.', म्हणजे साबुदाणा खिचडी, याच गाडीवर मिळते, तेव्हा उपवासाचा माल इथे आहे. आणि भाव साध्या मिसळीपेक्षा २० रुपये जास्त आहे. नुसती उसळ मिसळीपेक्षा महाग असायचं कारण नाही. एवढं जुळलं तरी घरात कुणाचा उपवास असेल तर तोंडी विचारून घ्याच. इथली चूक पैशाची नसते, उपवासाच्या ताटात मटकी येते.

दुसरा धोका काना पुसला जाण्याचा. 'भजी पाव' आणि 'भाजी पाव' यांत फरक एका उभ्या रेघेचा आहे आणि खडूत तीच आधी जाते. आपल्या ओळीत 'कां. भ.' आहे. आधी कांदा असल्यामुळे ती भजीच. पण नुसतं 'भ. पाव' दिसलं तर फळ्यावरच्या इतर ओळी बघा. वड्याच्या आसपास लिहिलं असेल, भाव वडापावच्या जवळ असेल तर भजी. गोव्यात मात्र हा तर्क उलटा चालतो. तिथे सकाळच्या फळ्यावर भाजी पावच असणार, आणि त्यातही पातळ भाजी, सुकी भाजी, मिक्स असे प्रकार असतात.

आकडे: गोंधळ ठरावीक जागीच होतो

बरेच गाडीवाले मराठी आणि इंग्रजी आकडे एकाच फळ्यावर मिसळतात. त्यातून सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मराठी चार हा इंग्रजी आठ म्हणून वाचणं. दोन्हींच्या खाली गोल असतो. फरक वरच्या बाजूला आहे: चारची वरची दोन टोकं उघडी राहतात, आठ वरून बंद असतो. घाईत लिहिताना ही टोकं एकमेकांना चिकटतात. दुसरी जोडी मराठी एक आणि इंग्रजी नऊ. दोघांचीही गाठ डावीकडे आणि शेपूट खाली, त्यामुळे १० चे नव्वद होतात. मराठी नऊची गाठ उजवीकडे असते.

चिन्हंही फसवतात. रुपयाचं चिन्ह आकड्याला चिकटून काढलं की ते दोनसारखं दिसतं आणि चाळीसचे दोनशे चाळीस होतात. आकड्यानंतरची तिरपी रेघ एक म्हणून वाचली जाते. फळ्यावरच्या सगळ्या ओळींत ती खूण त्याच जागी येत असेल तर तो आकडा नाही, हे ओळखायला पुरेसं आहे.

यापुढचं काम फळ्याचाच हिशोब करतो. समजा 'ब. व. (२)' पुढचा आकडा ४० की ८० हे दिसत नाही. दोन वडे ८० चे, म्हणजे एक वडा ४० चा. पण वडा आणि रस्सा मिळून वडा सॅम्पल ५० ला आहे, आणि पूर्ण मिसळ पावासकट ७० ला. त्या गाडीवर दोन कोरडे वडे मिसळीपेक्षा महाग कसे असतील? तेव्हा ४०. तसंच 'ए. पा. जो.' पुढे १० की ९०? पावाची जोडी अख्ख्या मिसळीपेक्षा महाग नसणार, म्हणून १०. दही मिसळ साध्या मिसळीहून थोडी महाग, स्पेशल त्याहून महाग: ७०, ८०, ९० ही चढण बरोबर बसते, म्हणून त्या तीन ओळींवर विश्वास ठेवायला हरकत नाही. एखादा भाव या चढणीत बसत नसेल तर आधी आपलं वाचन तपासा.

आता घरची ऑर्डर लावून पाहू. मिसळ पाव तीन: २१०. उपवासाची मिसळ एक: ९०, एकूण ३००. बटाटेवडा एक प्लेट: ४०. जास्तीचा पाव दोन जोड्या: २०. झाले ३६०. पार्सलचे ५ रुपये दर प्लेटला असतील तर पाच प्लेटचे २५, म्हणजे ३८५. सगळ्या ऑर्डरला मिळून असतील तर ३६५. हे फळ्यावरून कळत नाही, विचारावंच लागतं.

गाव बदललं की नावं बदलतात

पुण्यातला सॅम्पल कोल्हापुरात कट होतो, म्हणून तिथे 'क. व.' म्हणजे कटवडा. नागपूरकडे त्याच लाल रश्श्याला तर्री म्हणतात आणि तो पोह्यांवरही येतो, तेव्हा 'त. पो.' म्हणजे तर्री पोहे. मुंबईत वड्याबरोबर किंवा समोशाबरोबर उसळ असते, त्यामुळे 'व. उ.' आणि 'स. उ.' मधला 'उ.' उपवासाचा नाही. गोव्यात संध्याकाळच्या गाडीवर 'रस ऑ.' दिसलं तर ते रस ऑम्लेट, म्हणजे ऑम्लेटवर शागुतीचा रस्सा. फोटो कुठल्या गावचा हे माहीत नसेल तर आधी तेच विचारा.

काय विचारायचं

गाडीवर गर्दी असते, तेव्हा "हे काय आहे?" असं प्रत्येक ओळीबद्दल विचारायला लावू नका. आपलं वाचन पुढे करून होकार घ्या: "दादा, बटाटेवडा दोन नग चाळीस ना?" "उ. मि. म्हणजे उपवासाची ना?" "पार्सलचे पाच प्रत्येक प्लेटला का?" एवढ्यावर मान हलवून उत्तर देता येतं. जुना फोटो पुढे ढकललेला असेल तर आधी दोन गोष्टी विचारा: भाव आजचाच आहे का, आणि खिचडी आज आहे का. उपवासाचे पदार्थ कित्येक गाड्यांवर फक्त संकष्टी, एकादशीसारख्या दिवशीच असतात आणि ती ओळ एरवीही फळ्यावर तशीच राहते.