दोन रुपयांचा धागा

मंगळवारी सकाळी बचत खात्याचं स्टेटमेंट चाळत होतो. शुक्रवारच्या तारखेला अनोळखी परदेशी दुकानाच्या नावावर २ रुपये आणि पाठोपाठ ८,४०० रुपये डेबिट कार्डावरून गेलेले. ओटीपी आलाच नव्हता. छोटी रक्कम म्हणजे कार्ड चालतंय का, याची चाचणी. शुक्रवारी रात्रीचा एसएमएस जाहिरातींच्या गर्दीत दबला होता.

आधी ॲपमधून कार्ड बंद केलं, मग बँकेत तक्रार नोंदवून क्रमांक घेतला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनलाही फोन केला.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार चूक ना बँकेची ना आपली असेल, तर बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास आपल्यावर भार नाही. संदेशाचा दिवस मोजत नाहीत. चौथा शनिवार आणि रविवार सुट्टीचे, त्यामुळे माझी मुदत बुधवारपर्यंत होती. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं असतं, तर बचत खात्यावर १०,००० पर्यंतचा तोटा माझा, म्हणजे सगळेच पैसे गेले असते. ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं.

काउंटरवरचे साहेब म्हणाले, "आधी एफआयआर आणा." मी लेखी पोच मागितली, तेव्हा अर्ज घेतला. तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावी लागते. माझी नवव्या दिवशी आली.