अंगचोर कोण, हे ठरवण्याआधी

प्रोजेक्टवर पहिल्यांदा गुण द्यायला बसलात की एक तक्रार हमखास येते: "मॅडम, सगळं मीच केलंय, पण मार्क सगळ्यांना सारखेच." पहिल्या वर्षी माझ्याकडे ही तक्रार शेवटच्या आठवड्यात आली. हातात होता फक्त छापलेला अहवाल आणि त्यावरची चार नावं. कोणी काय केलं, हे त्या कागदावरून मला काही केल्या कळेना.

तेव्हा मी अंगचोरपणा हा स्वभावाचा दोष समजत होते. पुढे वाचलं तेव्हा समजलं की प्रश्न बराचसा रचनेचा आहे. 1979 मध्ये लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स या तीन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एकेकटं आणि गटात ओरडायला, टाळ्या वाजवायला लावलं. गटात प्रत्येकाचा जोर कमी पडला. 1981 च्या पुढच्या प्रयोगात, गटात असतानाही प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितलं, तेव्हा ही घट जवळपास नाहीशी झाली. आणि आपला आवाज कधीच वेगळा कळणार नाही असं ज्यांना वाटत होतं, ते एकटे असतानाही सैलच राहिले. म्हणजे माणूस ढिला पडतो तो गर्दीपेक्षा आपलं काम कोणाला दिसत नाही म्हणून.

दुसऱ्या वर्षी चौघांच्या गटाला सहा आठवड्यांचं सर्वेक्षण दिलं. पहिल्याच आठवड्यात एक तक्ता भरून घेतला: कोणतं काम, कोणाकडे, कोणत्या फाइलमध्ये, कोणत्या तारखेला. शिवाय एकमेकांना गुण देण्याची सोय केली. प्रत्येकाने 100 गुण उरलेल्या तिघांत वाटायचे, स्वतःला काही नाही, आणि कागद बंद पाकिटात थेट माझ्याकडे. सगळ्यांनी सारखं वाटलं तर प्रत्येकाला मिळून 100 येतात. मिळालेल्या बेरजेला 100 ने भागलं की त्या विद्यार्थ्याचा गुणक. गटाच्या गुणांपैकी निम्मे सर्वांना तसेच द्यायचे आणि उरलेल्या निम्म्यांना या गुणकाने गुणायचं. गटाला 70 मिळाले आणि एखाद्याचा गुणक 0.7 असला, तर त्याचे 35 अधिक 24.5, म्हणजे 59.5. पूर्ण 70 ला गुणलं असतं तर तो 49 वर आला असता. सोबत्यांच्या मतावर इतकं टांगून ठेवणं मला पटत नाही.

हे वाटप दोनदा घ्या. तिसऱ्या आठवड्यातलं नुसतं बघण्यासाठी, त्याचे गुण धरायचे नाहीत. माझ्या गटात तेव्हा एका मुलीला 24, 22 आणि 24 मिळाले. गुणक 0.7. अंगचोर सापडली, असं मला वाटलं. अहवालाच्या फाइलची व्हर्जन हिस्टरी उघडली, तर तिचं नाव जेमतेम दोनदा होतं आणि एका मुलाचं पानभर.

गुण तिथेच कापले असते तर मोठी चूक झाली असती. मी चौघांना एकेक करून पाच-पाच मिनिटं बोलावलं. त्या मुलीला विचारलं, "112 फॉर्म आले, मग विश्लेषणात 103च का?" तिने लगेच सांगितलं की नऊ जणांनी वयाचा रकाना कोरा ठेवला होता आणि पुढचे तक्ते वयोगटांप्रमाणे करायचे होते. सगळे फॉर्म तिने घरी बसून शीटमध्ये भरले होते. ती शीट गटाच्या फोल्डरमध्ये कधी आलीच नव्हती, तिने ती एकाला मेल केली होती. ज्या मुलाचं नाव पानभर होतं, त्याला हाच प्रश्न विचारला तर उत्तर नव्हतं. त्याने दुसऱ्यांचा मजकूर चिकटवला होता, फॉन्ट सारखे केले होते.

उपाय साधा होता. शीट फोल्डरमध्ये आली, तक्त्यात 'डेटा भरणं आणि तपासणं' ही ओळ वाढवली, आणि निष्कर्षांचा पहिला खर्डा त्या मुलाकडे दिला. शेवटच्या वाटपात तिचा गुणक 1.05 आला.

तेव्हापासून कमी गुणक आला की मी तो "इथे बघा" एवढाच इशारा धरते. कधी तो खरंच अंगचोरपणा असतो. कधी काम नजरेआड राहिलेलं असतं, तर कधी दोघांनी मिळून तिसऱ्याला "राहू दे, आम्ही करतो" म्हणत बाजूला ठेवलेलं असतं. हा शेवटचा प्रकार ओळखायला तक्ता बघा: त्या मुलाच्या नावापुढे पहिल्यापासूनच काम नसतं. अशा वेळी गुण कापण्याऐवजी काम पुन्हा वाटून द्यावं लागतं.

तिघांच्या गटात मात्र मी हे वाटप करत नाही. तिथे कोणी किती दिले याचा अंदाज सहज बांधता येतो, मग मुलं भीतीने 50-50 लिहून मोकळी होतात. तिथे तक्ता आणि तोंडी प्रश्न, एवढ्यावरच भागवते.