गेल्या आठवड्यात उघडलेली साइट हिस्टरीतून कशी शोधाल?

समजा, परीक्षेच्या फॉर्मसाठी फोटो 50 केबीच्या आत बसवून देणारी एक साइट सापडली होती, आता नाव आठवत नाही. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये Ctrl+H दाबा आणि वरच्या चौकटीत शब्द टाका. पण ही शोधाशोध फक्त पानाचं शीर्षक आणि पत्ता यांतच होते, आतल्या मजकुरात नाही. म्हणून ‘फोटो लहान करणे’ लिहून काही मिळणार नाही. शीर्षकात असतील असे compress, resize, kb हे शब्द एकेक करून टाका.

तरीही नाही? मग त्याच बैठकीत उघडलेलं, नाव आठवणारं पान शोधा. इथे ते फॉर्मचं पान. त्याची तारीख-वेळ बघा, शोधचौकट रिकामी करा आणि यादीत त्या वेळेपर्यंत खाली या. हवी ती साइट बहुधा आगेमागेच असते.

शेवटी गूगलवर compress photo to 50kb असं काम वर्णन करून शोधा. आधी तिथून उघडलेली लिंक जांभळी दिसते.

इन्कॉग्निटोत किंवा इन्स्टाग्रामच्या आतच उघडलेलं पान मात्र क्रोमच्या हिस्टरीत नसतं. आणि क्रोम साधारण 90 दिवसांपलीकडचं पुसून टाकतं.