निळी टाइल दिसली की लगेच पोर्तुगाल म्हणू नका: रस्त्याच्या पाटीवरून देश ओळखताना या चुका टाळा

मागच्या गणपतीत फोंड्याच्या मावसबहिणीने फॅमिली ग्रुपवर एक फोटो टाकला, "सांगा बघू कुठला देश". पिवळी भिंत, पांढरी बॉर्डर, कोपऱ्यावर निळ्या-पांढऱ्या टाइलची पाटी आणि त्यावर रुआ ३१ द जानेरो. मी ऐटीत लिहिलं, पोर्तुगाल, बहुतेक लिस्बन. ती म्हणाली, दादा, मी काल पणजीला फोंतेनेसात काढलाय. आयुष्यभर गोव्यात राहून ही फजिती, त्यामुळे आता नेमकं कुठे चुकलो ते सांगतो.

पहिली चूक म्हणजे टाइल बघूनच देश ठरवणं. पाखल्यांनी म्हणजे पोर्तुगीजांनी ही पद्धत जिथे जिथे नेली तिथे ती आहे, आणि आपल्याकडे तर आजही लोक हौसेने घराच्या नावाची टाइल करून गेटवर लावतात. म्हणजे टाइल पोर्तुगीज वळणाची एवढंच कळतं, पुढचं काही नाही. मकावमध्येही निळ्या-पांढऱ्या टाइलच्या पाट्या आहेत पण तिथे पोर्तुगीजसोबत चिनी अक्षरं असतात, ती दिसली की विषय संपला. टाइलवर 'विवेंडा' किंवा 'कासा' असेल तर ते बहुतेक घराचं नाव, रस्त्याचं नाही, तिथे रस्ता शोधत बसू नका.

दुसरी चूक जास्त महागात पडते, ती म्हणजे पाटीवरची तारीख न वाचणं. पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांत रस्त्यांना तारखांची नावं द्यायची फार हौस, आणि तारीख म्हणजे त्या देशाचा इतिहासच की. २५ द अब्रिल दिसलं तर ती १९७४ ची पोर्तुगालची क्रांती, आणि गोवा तर डिसेंबर १९६१ मध्येच मुक्त झालेला, मग पोर्तुगीजांनी गोव्यात असं नाव कधी ठेवणार? १५ द नोव्हेंब्रो म्हणजे ब्राझील, १८८९ मध्ये तिथे प्रजासत्ताक आलं तो दिवस. २५ द सेतेंब्रो असेल तर मोझांबिककडे बघा, १९६४ ला त्यांचा स्वातंत्र्यलढा त्याच दिवशी सुरू झाला. आणि आपला १८ जून रोड, तो १९४६ चा, लोहियांच्या मडगावच्या सभेचा, तो पोर्तुगालमध्ये कशाला सापडेल.

पण माझी ३१ जानेवारी मात्र इथे फसवते. ही १८९१ ची पोर्तो शहरातली प्रजासत्ताकवाद्यांची फसलेली उठावणी, म्हणजे गोवा पोर्तुगीजांकडे असतानाच्या काळातली, त्यामुळे हे नाव पोर्तोमध्येही आहे आणि पणजीतही आहे. अशा वेळी तारीख सोडा आणि दाराकडे बघा.

मी नेमकं तेच केलं नव्हतं. फोटो झूम केला तर उजवीकडच्या दारावर रंगाने इंग्रजी ई अक्षर, मग छोटी रेघ, मग तीन आकडी नंबर होता. फोंतेनेसात असे नंबर बघायला मिळतात. गावाकडे गेलात तर एच. नं. लिहून तिरकी रेघ मारलेला नंबर, ५/१३२ असा, भिंतीवर रंगवलेला सापडतो. पोर्तुगालच्या जुन्या शहरांत असं नसतं, तिथे रस्त्याच्या एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम आकडे, आणि नंबर घराला नसून दाराला असतो, म्हणून एकाच बिल्डिंगच्या तीन दारांवर १२, १४, १६ असे ओळीने दिसतात. ते बघून तीन वेगळी घरं आहेत असं समजू नका, वरच्या खिडक्या आणि छप्पर एकसारखे आहेत का ते बघा.

ब्राझीलमध्ये अजून एक गंमत. बऱ्याच शहरांत नंबर म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, साधारण मीटरमध्ये. त्यामुळे १२४७ च्या शेजारी १२६३ असतो आणि लोकांना वाटतं मधली घरं पाडली की काय. पाडली वगैरे नाहीत, दोन दारांत सोळा मीटर आहेत एवढंच. तिथल्या पाटीवर खाली पाच आकडे, रेघ, तीन आकडे असा पिनकोडही बऱ्याचदा असतो. पोर्तुगालचा चार आणि तीन असतो, त्यामुळे आकडे नीट मोजा, मी एकदा घाईत चुकलोय.

नंबर पुसट असेल तर एकाच दारावर अडकू नका, फोटोतली तीन-चार दारं बघा, एकाचा रंग उडालेला असला तरी शेजारचं काहीतरी सांगतं. आणि गाडी दिसली तर बाजू बघा, गोव्यात आणि मकावमध्ये डावीकडून चालवतात, पोर्तुगाल-ब्राझीलमध्ये उजवीकडून. बहिणीच्या त्या फोटोत एक स्कूटर होती, पिवळ्या भिंतीला टेकवून पार्क केलेली, पांढऱ्यावर काळ्या अक्षरांची, जीएने सुरू होणारी म्हणजे गोव्याची नंबरप्लेट अर्धी दिसत होती. ती मी पाहिलीच नव्हती, कारण टाइल दिसली तेव्हाच माझं उत्तर टाइप होऊन गेलं होतं.